मानसिक आणीबाणीची मार्गदर्शिका: पंचाहत्तर टक्के, पण कोणाचे?

प्रश्न: मॅडम, मी सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. रात्री-अपरात्री येणाऱ्या मानसिक आणीबाणीच्या रुग्णांसाठी जिल्ह्यापुरती एक मार्गदर्शिका आम्हाला डेल्फी पद्धतीने, म्हणजे जाणकारांची मतं निनावी फॉर्मवर फेऱ्याफेऱ्यांनी घेऊन, करायची आहे. पॅनेलमध्ये कोण आणि किती माणसं घ्यायची? किती टक्के सहमती झाली की विधान पक्कं धरायचं? सगळे ७५ म्हणतात, ते बरोबर आहे का?

उत्तर:

डॉक्टर, ७५ हा आकडा चुकीचा नाही. डेल्फी अभ्यासांचा धांडोळा घेणाऱ्यांनाही बहुतेक ठिकाणी त्याच्या आसपासचाच कटऑफ सापडला आहे. पण तो कुठल्या सिद्धांतातून आलेला नाही, वापरून वापरून रूढ झाला आहे. तुमच्या जिल्ह्यात खरा प्रश्न पुढचा आहे: हे ७५ टक्के कोणाचे? पॅनेलमध्ये कोण बसलंय ते न सांगता टक्केवारी दिली तर तिला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून तुमचे दोन प्रश्न मी वेगळे करत नाही.

आधी मतदानाला काय ठेवायचं नाही ते ठरवा. कायद्याने जे ठरलंय त्यावर मत मागू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९४ प्रमाणे जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी आणीबाणीचा उपचार देऊ शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. हा उपचार जास्तीत जास्त ७२ तास, आणि त्यात विजेचा उपचार बसत नाही. साखळीने बांधणं आणि एकट्याला कोंडून ठेवणं याला कायद्यात मनाई आहे. ‘रुग्णाला खोलीत एकटं बंद ठेवावं का?’ असं विधान फॉर्ममध्ये आलं आणि त्याला ८० टक्के मिळाले, तर त्या ८० टक्क्यांचं तुम्ही करणार काय? असल्या गोष्टी मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर जशाच्या तशा छापा.

जिथे चांगले प्रयोग झालेले आहेत तिथेही मत विचारू नका. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र दिल्याने खवळलेला रुग्ण शांत होतो का, हे रिओ दी जानेरो आणि आपल्याकडच्या वेल्लोर इथल्या चाचण्यांनी दाखवून दिलं आहे. नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर मान किंवा जीभ आखडण्याचा त्रास जास्त होतो, हेही त्यातूनच कळलं. ते पुराव्याच्या तक्त्यात जाईल. डेल्फी लागते ती पुरावा जिथे संपतो तिथे. रुग्णाला धरायला किमान किती माणसं हवीत, तज्ज्ञाला फोन कधी करायचा, घाट उतरून येणारी ॲम्ब्युलन्स दोन तासांनी येणार असेल तर तोवर काय, सोबत कोण जाणार, अशा प्रश्नांना.

आता पॅनेल. आमच्या भागात काही वर्षांपूर्वी अशीच एक मार्गदर्शिका तयार झाली होती. मी त्या बैठकीत होते. एका सभागृहात दिवसभर बसलो. सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थ आधी बोलले आणि नंतरच्या प्रत्येकाने माना डोलावल्या. मीही डोलावली. दुपारी जेवणं झाली, संध्याकाळी मसुदा मंजूर झाला. पुढे एका ग्रामीण रुग्णालयात गेले तेव्हा ती फाइल कपाटात, प्लॅस्टिकही न फाडलेली. ड्यूटीवरच्या सिस्टरना ती आहे हेच ठाऊक नव्हतं, कारण ती करताना त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

त्याच रात्री तिथे एक माणूस आला. पंचेचाळिशीतला मासेमार. होडी बांधायच्या नायलॉनच्या दोरीने हात मागे बांधलेले, अंगभर घाम, ओरडतोय, कोणालाच ओळखत नाही. घरचे म्हणत होते की दुपारपासून अंगात आलंय. ड्यूटीवरचे डॉक्टर इंजेक्शन भरायला वळले, तोवर सिस्टरनी काही न बोलता त्याच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली. ४१. मधुमेहाची गोळी घेतली होती आणि दिवसभर पोटात काही नव्हतं. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजची बाटली शिरेतून गेली आणि दहा मिनिटांत त्याने बायकोला नावाने हाक मारली. रात्रभर मात्र ठेवून घ्यावं लागलं, कारण त्या गोळीने साखर पुन्हा पुन्हा उतरते. सिस्टर म्हणाल्या, ‘मॅडम, बांधून आणलेल्या प्रत्येकाची मी आधी साखर बघते.’ आमच्या मार्गदर्शिकेत साखर तिसऱ्या पानावर होती, औषध पहिल्या.

म्हणून पॅनेलची यादी हुद्द्यावरून सुरू करू नका. त्या रात्री त्या खोलीत कोण असतं, तिथून सुरू करा. मेडिकल ऑफिसर, अधिपरिचारिका, फोनवर सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ, आणि ज्याला आणलं गेलंय तो माणूस व त्याचे घरचे. हे चार गट. पोलीस आणि १०८ चे डॉक्टर यांना फक्त आणणं-नेणं या भागातल्या विधानांवर मत द्यायला बोलवा. औषधाच्या मात्रेवर पोलीस हवालदाराचं मत घेण्यात त्याचाही वेळ जातो.

प्रत्येक गटासाठी निवडीचा निकष आधी लिहून ठेवा, आणि तो पदवीचा नको, कामाचा हवा. मी साधारण असा ठेवते: गेल्या १२ महिन्यांत अशा किमान पाच रुग्णांना स्वतः हाताळलेलं असावं, आणि त्यातला निदान एक रात्रीच्या ड्यूटीतला. हा निकष लावला की काही मोठी नावं आपोआप गळतात. अवघड वाटेल, पण त्यांना मसुदा वाचायला द्या, मतदानात घेऊ नका. विधानं लिहिणाऱ्या सुकाणू समितीनेही मत द्यायचं नाही. स्वतः लिहिलेल्या वाक्याला स्वतः नऊपैकी नऊ गुण देणारी समिती मी पाहिली आहे.

स्वतः त्यातून गेलेल्या माणसांना शोधताना एक पथ्य पाळा: तुमच्याच ओपीडीतला रुग्ण तुमच्या पॅनेलवर नको. पुढच्या महिन्याची औषधं ज्या डॉक्टरकडून घ्यायची आहेत त्याच्या विधानाला तो दोन गुण कसे देईल? दुसऱ्या तालुक्यातला घ्या, सध्या तब्येत स्थिर असलेला घ्या, आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे द्या. ज्यांना फॉर्म वाचणं जड जातं त्यांना कोणीतरी फोनवर वाचून दाखवावा. वाचणाऱ्याने आवाजात ‘हो ना?’ येऊ द्यायचं नाही, एवढी तालीम त्याला द्या. विधानंही मराठीतच असू द्या. ‘आवश्यक वाटल्यास योग्य ती उपाययोजना करावी’ याला सगळे नऊ देतात, कारण त्यात काहीच म्हटलेलं नसतं. एका वाक्यात एकच कृती, आणि ती कोणी करायची ते त्यात हवंच.

आता आकड्यांकडे. १ ते ९ ची पट्टी घ्या. ७ ते ९ म्हणजे सहमत, १ ते ३ म्हणजे असहमत, मधले तळ्यात-मळ्यात. सोबत ‘माझ्या आवाक्याबाहेर’ हा रकाना द्या. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण त्यातली अडचण खरी आहे.

समजा, २४ जणांचं पॅनेल झालं. जिल्ह्यात ओळखीपाळखीने यादी केली की ती अशीच होते: १० मानसोपचारतज्ज्ञ (काही कोल्हापूर आणि गोव्यातून घेतलेले), ६ मेडिकल ऑफिसर, ४ सिस्टर, ४ स्वानुभवी आणि नातेवाईक. विधान असं: ‘खवळलेला रुग्ण तोंडाने औषध घेत नसेल आणि कारण स्पष्ट नसेल, तर ड्यूटीवरच्या डॉक्टरने पहिलं औषध म्हणून लोराझेपामचं इंजेक्शन स्नायूत द्यावं.’ पुस्तकाप्रमाणे वाक्य ठीक आहे. कारण माहीत नसताना, विशेषतः दारू सुटल्याची शक्यता असताना, ते समंजस औषध आहे.

गुण येतात. दहाच्या दहा तज्ज्ञ सहमत. सहापैकी ३ मेडिकल ऑफिसर सहमत. चारपैकी २ सिस्टर सहमत. चारही स्वानुभवी म्हणतात, माझ्या आवाक्याबाहेर. वीस मतांपैकी पंधरा, म्हणजे बरोबर ७५ टक्के. विधान पास.

आता मतं तीच ठेवा, फक्त पॅनेल बदला: ६ तज्ज्ञ, ८ मेडिकल ऑफिसर, ६ सिस्टर, ४ स्वानुभवी. तज्ज्ञ सगळे सहमत म्हणून ६, डॉक्टर निम्मे म्हणून ४, सिस्टर निम्म्या म्हणून ३. वीसपैकी तेरा, ६५ टक्के. विधान नापास. कोणाचंही मत एका गुणानेही हललेलं नाही. आणि पहिल्या पॅनेलमध्ये ‘आवाक्याबाहेर’ वाल्यांनाही छेदात धरलं असतं तर २४ पैकी १५, म्हणजे ६२.५ टक्के, तेही नापास. छेदात कोण, हे पहिला फॉर्म जाण्याआधी लिहून ठेवलं नसेल तर नंतर प्रत्येक जण आपल्या सोयीचा छेद धरतो.

निम्मे डॉक्टर आणि निम्म्या सिस्टर ‘नाही’ का म्हणाल्या? टक्केवारीतून हे कळत नाही, म्हणून प्रत्येक विधानाखाली शेऱ्याची जागा द्या. आपल्याकडे त्या जागेत जे लिहून येतं ते साधारण असं असतं: ‘फ्रिज नाही.’ लोराझेपामची कुपी २ ते ८ अंशात ठेवावी लागते. रुग्णालयात थंड जागा असते ती आयएलआरची, म्हणजे लसींच्या खास फ्रिजची, आणि त्याच्या झाकणावर ‘फक्त लस’ असा कागद चिकटवलेला असतो. तो बरोबरच चिकटवलेला आहे, लसींच्या जागी दुसरं औषध ठेवायचं नसतं. औषधांचा वेगळा फ्रिज असलाच तर पावसात दोन दोन दिवस वीज नसते. शंभर किलोमीटरवर बसलेल्या तज्ज्ञाने नऊ गुण दिले, कारण त्याच्या वॉर्डात फ्रिज चालतो. दोघेही प्रामाणिक आहेत, पण त्यांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली.

यातून दोन सवयी मी लावून घेतल्या. एक, प्रत्येक विधानाला दोन गुण मागायचे: हे योग्य आहे का, आणि तुमच्या ठिकाणी रात्री दोन वाजता हे जमेल का. बांधलेल्या रुग्णाचा श्वास, नाडी आणि हातापायांचा रंग दर १५ मिनिटांनी बघावा, याला योग्यतेत सगळे नऊ देतात. जमण्याच्या रकान्यात, दोन वॉर्डांना मिळून एकच सिस्टर असलेल्या ठिकाणाहून तीन येतो. त्या तीनमुळे विधान खोडायचं नाही. त्या तीनमुळे नातेवाइकाला काय बघायचं ते शिकवणारं नवं विधान लिहायचं आणि रात्रीचं दुसरं माणूस मागणारं पत्र वर पाठवायचं.

दुसरी सवय, कटऑफ गटागटाने बघायचा. ऑस्ट्रेलियात अँथनी जॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिका अशाच केल्या: व्यावसायिकांचं एक पॅनेल, स्वानुभवींचं वेगळं, आणि विधान पक्कं व्हायला दोन्हीकडे ८० टक्के हवेत. आपल्या जिल्ह्यात गट लहान असतात, तिथे टक्के फसवतात. सहा जणांच्या गटात चार म्हणजे ६७ आणि पाच म्हणजे ८३. ७५ तिथे अस्तित्वातच नाही, एका माणसाच्या हलण्याने आकडा १७ टक्क्यांनी हलतो. म्हणून मी नियम माणसांत लिहिते. तुमच्यासाठी सुचवेन तो असा: मत देणाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के ७ ते ९ मध्ये, १ ते ३ मध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि ज्याला ती कृती स्वतःच्या हाताने करायची आहे त्या गटातले निदान तीनपैकी दोन जण सहमत हवेत. ही शेवटची अट सोडू नका. वरचं लोराझेपामचं विधान पहिल्या पॅनेलमध्येही याच अटीवर अडतं, आणि अडायलाच हवं.

दुसऱ्या फेरीत त्या एका विधानाची दोन होतात. ‘जिथे लोराझेपाम थंड जागी ठेवता येतं आणि श्वास मंदावला तर सांभाळायला हाताने दाबून श्वास देणारी अँब्यू बॅग जवळ आहे, तिथे ते पहिलं.’ आणि ‘जिथे ते ठेवता येत नाही तिथे हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन २५ ते ५० मिलिग्रॅम, दोन्ही स्नायूत, मात्र दारू सुटून दोन-तीन दिवस झाले असतील, हात थरथरत असतील किंवा झटका येऊन गेला असेल, तर आधी तज्ज्ञाला फोन.’ हॅलोपेरिडॉलने झटक्याची शक्यता वाढते, म्हणून ही पुस्ती. आणि दोन्हींच्या आधी तिसरं विधान, जे पहिल्या फेरीत सिस्टरनी शेऱ्यात लिहिलेलं असतं: ‘कोणतंही इंजेक्शन भरण्याआधी साखर, ताप, ऑक्सिजन आणि डोक्याला मार, हे सिस्टरने बघावं.’ पहिल्या फेरीत दहा-वीस टक्के विधानं अशी मोडून नव्याने लिहावी लागली नाहीत, तर शेरे कोणी नीट वाचलेले नाहीत असं मी समजते.

दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला त्याचा स्वतःचा गुण, चारही गटांचे गुण आणि शेऱ्यांचा सारांश दाखवा. इथे कोकणातली एक अडचण सांभाळावी लागेल. डेल्फीचा सगळा डोलारा निनावीपणावर उभा आहे. नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड संस्थेत ती काढली तेव्हा पॅनेल सात जणांचं होतं, आणि त्यांना समोरासमोर बसवायचं नाही हाच मुद्दा होता. आपल्या जिल्ह्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. ‘आमच्या घाटाखालच्या रुग्णालयात’ एवढं वाचलं की कोण बोललं ते कळतं. म्हणून शेरे जसेच्या तसे पाठवू नका. कोणीतरी एकाने ते सारख्या भाषेत पुन्हा लिहावेत, गावाच्या आणि वॉर्डाच्या खुणा काढाव्यात. मालवणीत लिहिलेला शेरा प्रमाण मराठीत आणावा लागला तर वाईट वाटतं, पण आणा. व्हॉट्सॲप ग्रुप तर अजिबात करू नका. तिथे पहिला ‘सहमत’ वरिष्ठांचा पडला की झालं.

फेऱ्या किती, तेही आधी ठरवा. दोन पुरतात, फार तर तीन. वेळ बघून काढा: गणपतीत फॉर्म भरून येत नाहीत, लेप्टोचे रुग्ण वाढतात त्या पावसाळी आठवड्यांत मेडिकल ऑफिसर फोनही उचलत नाहीत. दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याआधी संपवा. आणि कोण गळतंय ते बघा. दुसऱ्या फेरीत सहमती ७० वरून ८५ वर गेली की सगळे खूश होतात. त्याआधी पहिल्या फेरीच्या यादीत, आता न आलेल्यांनी काय गुण दिले होते ते काढा. आठपैकी तीन मेडिकल ऑफिसर गळले आणि तिघांनीही पहिल्यांदा दोन-तीन गुण दिले होते, तर मतं जुळलेली नाहीत, विरोध करणारे कंटाळून उठून गेले आहेत. त्या तिघांना फोन करा. मी केला होता तेव्हा एकाने सांगितलं, ‘दोनदा लिहिलं, वाक्य तसंच परत आलं, मग कशाला भरू?’ वाक्य खरंच तसंच परत गेलं होतं.

कटऑफ मधेच खाली आणायचा मोह होईल. शेवटच्या फेरीत एखादं जिव्हाळ्याचं विधान ७२ वर अडकतं आणि कोणीतरी म्हणतं, ७० करू या. करू नका. अडकलेली विधानं मार्गदर्शिकेतच, वेगळ्या पानावर, गटवार आकड्यांसह छापा. बांधण्याबद्दलची विधानं बहुधा तिथेच राहतील. ‘चार जण मिळाल्याशिवाय रुग्णाला धरू नये’ याला डॉक्टर आणि सिस्टर सहमत होतात, आणि ज्याला कधीतरी धरलं गेलं होतं असा माणूस तीन गुण देऊन खाली लिहितो की चार जण एकदम अंगावर आले म्हणूनच मी घाबरलो, एक जण बसून बोलला असता तर हात पुढे केला असता. हे मत चारपैकी एकाचं असलं तरी रात्रीच्या डॉक्टरला ते वाचायला मिळालं पाहिजे. पुढच्या वेळी तो आधी खुर्ची ओढून बसेल आणि चौघांना दाराबाहेर उभं करेल.

तुमची पहिल्या फेरीची विधानं लिहून झाली की मला पाठवा. चाळीसच्या वर जाऊ देऊ नका. नंतरच्या विधानांना लोक न वाचताच सात देतात.